तीन कमी चाळीस

कुंडलिक वाघमोडे सरांनी फळ्यावर लिहिलेला आकडा पुसून त्या जागी दुसरा लिहिला, असं पंचवीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. शाळेत याला हुशारी समजत. खरी गोष्ट अशी की सर भित्रे होते. उद्याच्या तासाला जी गणितं घालायची ती सगळी आदल्या दिवशी सोडवून, लाल शाईनं उत्तरं लिहून, ती वही ते पिशवीत तळाशी घालून आणत. वर्गात ते गणित सोडवत नसत, आठवत असत. पण फळ्यापुढं उभ्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे बाकावरून दिसत नाही, आणि शिक्षकी पेशा बराचसा याच सोयीवर उभा आहे.

मोहोळच्या पलीकडच्या एका वाडीत मेंढरं राखणाऱ्या घरात त्यांचा जन्म. बाप मेंढरामागं गेला, थोरला भाऊ गेला, कुंडलिकला मात्र उन्हात चक्कर यायची म्हणून शाळेत घातलं. म्हणजे विद्येची आवड वगैरे नंतरची. डी.एड. करून सोलापुरात एका संस्थेच्या शाळेत लागले आणि सहावी-सातवीचं गणित शिकवत तिथंच रुजले. शाळेपासून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्यांचं घर घेतलं. त्या दहा मिनिटांचं मोल गेल्या दोन वर्षांत त्यांना कळलं होतं. आई, मथुराबाई, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली होती. तिला कूस बदलायला, बसतं करायला दोन माणसं लागत. एकटीनं उचलायला जाऊन सरांच्या बायकोची कंबर एकदा धरली होती. म्हणून रोज मधल्या सुट्टीत सर घरी जात, दोघं मिळून आईला उठवून बसवत, चार घास भरवत आणि घंटेच्या आत परत येत.

ही घडी मोडायची वेळ जूनमध्ये आली. मराठी माध्यमाला पोरं मिळेनात, तेव्हा संस्थेनं सहावीपासून सेमी इंग्रजी सुरू केलं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. मराठीची तुकडी बंद झाली. राहिलेल्या एका वर्गाला गणिताचा एकच शिक्षक हवा होता, आणि इंग्रजीतून शिकवणं जमलं नाही तर वाघमोडे सर ‘अतिरिक्त’ ठरणार होते. अतिरिक्त शिक्षकासाठी संस्थेकडे एक जागा राखीव होती. ती अक्कलकोटच्या पुढं, सरहद्दीला लागून असलेल्या शाळेत. सकाळी सहाची एसटी, परत यायला संध्याकाळचे सात. मधली सुट्टी तिथंही होती, पण ती तिथंच खर्चावी लागली असती.

मुख्याध्यापक महेश्वर हिरेमठ यांनी हे सगळं सरांना केबिनमध्ये बसवून, चहा पाजून सांगितलं होतं. हिरेमठ सरांना इंग्रजीचा अभिमान होता. शिपायाला हाक मारायचीही ते आधी ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून मारत. सप्टेंबरपर्यंत बघू, म्हणाले.

सरांनी इंग्रजी पाठ्यपुस्तक आणलं, शब्दकोश आणला आणि रविवारी बसून तयारी केली. गणित तेच होतं, फक्त कपडे बदललेले. बीजगणिताची ओळख आली तेव्हा इंग्रजी वाक्यावरून राशी कशी मांडायची याचा एक सोपा नियम त्यांनी स्वतःच बसवला आणि पोरांकडून घोकून घेतला. इंग्रजी सरळ आहे. जसं वाचायचं, तसंच डावीकडून उजवीकडं लिहायचं.

नियम छान चालला. ‘एक्स प्लस फाइव्ह’ म्हणजे x + 5. ‘वाय डिक्रीज्ड बाय फोर’ म्हणजे y − 4. ‘फाइव्ह मोअर दॅन एक्स’ आलं तेव्हा नियमानं 5 + x झालं. पुस्तकात x + 5 होतं, पण दोन्हीत फरक काय? बेरीज ही मोठ्या मनाची बाई. तिच्या घरी कोण आधी आलं नि कोण मागनं, ती विचारत नाही. तिच्या या चांगुलपणामुळंच नियमाची खोड झाकून राहिली.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी संस्थेकडून आलेला सरावपत्रिकेचा कागद सरांनी वर्गाला दिला. दहा प्रश्न होते, उत्तरसूची नव्हती. ती त्यांनी नेहमीसारखी लाल शाईनं आदल्या दिवशीच केली होती. ‘सेव्हन लेस दॅन एक्स’, तर 7 − x. ‘टू फ्यूअर दॅन एम’, तर 2 − m. ‘अनूकडं रवीपेक्षा सहा पेन्सिली कमी आहेत, रवीकडं p आहेत’ हे इंग्रजीत ‘सिक्स फ्यूअर पेन्सिल्स दॅन रवी’ असं होतं, तर 6 − p. ‘सब्ट्रॅक्ट एट फ्रॉम एन’, तर 8 − n. वाचलं तसं लिहिलं.

आता मराठीत हेच गणित त्यांनी पंचवीस वर्षं बिनचूक शिकवलं होतं. ‘क्षपेक्षा सातनं कमी’ म्हणताना क्ष आधी येतो, सात मागनं येतो, आणि लिहितानाही क्ष वजा सातच लिहायचं असतं. कानाचा क्रम आणि हाताचा क्रम एकच. इंग्रजीनं सात आधी आणला आणि क्ष मागं ठेवला, आणि सरांचा हात सवयीनं कानामागं गेला. हुशार माणसाच्या चुका अशाच होतात. त्याला चुकायला नियम लागतो.

निकाल डोळे दिपवणारा लागला. चाळीसपैकी तेहतीस पोरांना दहापैकी दहा. सहाजणांचा एखादा गुण गेला. आणि सृष्टी सरवदे नावाच्या एका अबोल मुलीला सहाच मिळाले. सरांनी तिच्या पत्रिकेवर ‘लक्ष द्या’ असं लिहिलं. पोरांनी इतकं चांगलं कधीच केलं नव्हतं, आणि कारण उघड होतं. सर जिथं चुकले होते, बरोबर तिथंच तेहतीस पोरं शिस्तीत चुकली होती. याहून नेमकं अध्यापन ते काय असणार?

हिरेमठ सरांनी बुधवारी निकाल सूचनाफलकावर लावला आणि संस्थेला कळवला. संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे वीरभद्रप्पाअण्णा म्हणत, शनिवारी हा तास बघायला येणार असल्याचा निरोप आला. त्यानंतर सोमवारी संस्थेच्या बैठकीत सेमीचा शिक्षक कायम करायचा की बदलायचा, ते ठरायचं होतं. बुधवारी घरी जाताना सरांनी कोपऱ्यावरून पाव किलो शेंगा घेतल्या. एरवी ते असला उधळेपणा करत नसत.

गुरुवारी सकाळी शाळेच्या दारात सृष्टीचे वडील उभे होते. रत्नदीप सरवदे कुर्डुवाडीला रेल्वेत कारकून होते आणि त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली उत्तरपत्रिका. भांडायला आलेला पालक लांबून ओळखू येतो आणि त्याची तयारीही करता येते. हा माणूस नमस्कार करून, चप्पल बाहेर काढून आत आला, तेव्हा सर नकळत उठून उभे राहिले.

“सर, मी काय गणितातला नाही,” सरवदे म्हणाले. “पोरगी दोन दिवस जेवताना बोलेना. मी म्हटलं, चुकलं तर चुकलं, सर सांगतील ते बरोबर. तर ती म्हणते, अनूकडं उणे चार पेन्सिली कशा असतील?”

“उणे चार?”

“तिनं रवीकडं दहा पेन्सिली धरल्या. अनूकडं सहा कमी, म्हणजे चार. तुमच्या उत्तरात दहा घातले की सहा वजा दहा होतं. म्हणजे उणे चार.” त्यांनी पत्रिका पिशवीतून काढून, सुरकुती नीट करून टेबलावर ठेवली. “आता इंग्रजी गणितात तसं असेल तर मला माहीत नाही. तेवढं विचारायला आलो.”

सर म्हणाले, बघतो. पत्रिका इथंच राहू द्या, म्हणाले. सरवद्यांनी पुन्हा नमस्कार केला, पोरीला रागावू नका म्हणाले, आणि गेले. ते ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. सरांनी एका कागदावर x च्या जागी दहा घातले. दहापेक्षा सात कमी म्हणजे तीन, हे पहिलीतलं पोरही सांगेल. 7 − x मध्ये दहा घातले, उणे तीन आलं. x − 7 मध्ये घातले, तीन आलं. मग त्यांनी वीस घातले, शंभर घातले, जणू एखादा तरी आकडा त्यांची बाजू घेईल. कुणी घेतली नाही. कागदाची बारीक घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली, आणि मग कुणाला सापडेल म्हणून पुन्हा काढून फाडली.

चाळीसपैकी एकटी बरोबर होती, आणि तिला लाल शाईनं ‘लक्ष द्या’ लिहिलं होतं.

त्या दुपारी मधल्या सुट्टीत ते घरी गेले तेव्हा बायकोनं विचारलं, तोंड का उतरलंय? ते म्हणाले, ऊन. दोघांनी आईला धरून भिंतीला टेकवून बसवलं. मथुराबाईची जीभ आता जड चालायची, पण रोजचा प्रश्न ती चुकवत नसे. बाप मेंढरं मोजून घरी यायचा, लेक पोरं मोजून येतो, एवढाच तिच्या लेखी फरक होता.

“आज किती हायत रं?” तिनं विचारलं.

“दोन कमी चाळीस,” सर म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तिच्या ओठाला लावला. आपण काय बोललो याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या डोळ्यापुढं अक्कलकोटची सहाची एसटी होती.

खरं सांगून टाकावं, हा एक मार्ग होता. पण फलकावर निकाल होता, संस्थेला पत्र गेलं होतं, आणि ज्याला इंग्रजीतलं साधं वाक्य उलगडलं नाही त्याच्याकडं सेमीचा वर्ग कोण ठेवणार? शनिवार होऊन जाऊ दे, असं त्यांनी ठरवलं. तोवर पोरांना गुपचूप वळण लावू.

म्हणून शुक्रवारी त्यांनी वर्गात सांगितलं की काल-परवा आपण एका पद्धतीनं केलं, आज दुसरी पद्धत बघू. दुसरी पद्धत अशी, की ‘दॅन’ दिसलं की उलटं लिहायचं. आधीचं उत्तर चूक होतं, हे ते बोलले नाहीत. पद्धत हा शब्द मोठा सोयीचा. त्यात चूकही राहते आणि इज्जतही राहते.

पोरांनी नवा नियम जुन्याइतक्याच श्रद्धेनं घेतला. ‘सेव्हन लेस दॅन एक्स’ आता x − 7 होऊ लागलं. सरांच्या जिवात जीव येतोय तोच पुढचा प्रश्न आला. ‘एट इज लेस दॅन वाय’. इथं वजा काहीच करायचं नव्हतं. आठ हा वायपेक्षा लहान आहे, इतकंच म्हणणं, म्हणजे 8 < y. पोरांनी ‘दॅन’ बघितलं आणि सगळ्यांनी y − 8 लिहिलं. ‘ट्वेल्व्ह लेस वाय’ म्हणजे बारातून y वजा, 12 − y. त्यात ‘दॅन’ नव्हतं, पण ‘लेस’ दिसल्याबरोबर अर्ध्या वर्गानं तेही उलटं केलं. काहींनी ‘वाय डिक्रीज्ड बाय फोर’सुद्धा सावधगिरी म्हणून उलटवून ठेवलं. परवापर्यंत पोरं एकाच ठिकाणी चुकत होती, आता जिथंतिथं चुकू लागली. वैष्णवी नावाच्या पुढच्या बाकावरच्या मुलीनं उभं राहून विचारलं, सर, फलकावरचा निकाल मग कुठल्या पद्धतीचा? सर म्हणाले, खाली बस.

सृष्टीनं फक्त वर बघितलं आणि पुन्हा वहीत घातलं डोकं. तिची पत्रिका अजून सरांच्या पिशवीत होती.

शनिवारी सकाळची शाळा. साडेसातला प्रार्थना झाली आणि आठच्या ठोक्याला वीरभद्रप्पाअण्णा मागच्या बाकावर येऊन बसले. पंच्याहत्तरीचे गृहस्थ, पांढरी टोपी, दोन्ही हात काठीवर. शेजारी हिरेमठ सर, हातात तास-निरीक्षणाची वही. सरांनी हजेरी घेतली. तिघं गैरहजर होते. खडू हातात घेतला तेव्हा तो ओला लागला. खडू ओला नव्हता.

त्यांनी सोप्यापासून सुरुवात केली आणि जितका वेळ सोप्यात काढता येईल तितका काढला. पण अण्णांना निकालाची पत्रिका दाखवलेली होती. त्यांनी काठी किंचित वर केली.

“ते पेन्सिलीचं घ्या की, सर. तेहतीस पोरांना आलं म्हणे.”

सरांनी वाक्य फळ्यावर लिहिलं. अनू, रवी, सहा पेन्सिली. उत्तर कोण सांगेल, विचारलं. निम्मे हात वर झाले. एकानं 6 − p सांगितलं. दुसऱ्यानं p − 6 सांगितलं. तिसऱ्यानं विचारलं, मंगळवारचं सांगू का शुक्रवारचं?

वर्ग हसला. हिरेमठ सर हसले नाहीत. अण्णांनी विचारलं, “वाराप्रमाणं बदलतंय व्हय गणित?”

सरांनी तोंड उघडलं. लाल शाईची वही पिशवीत होती, आणि तिच्यात जे होतं तेच चूक होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच ते पाठ न केलेल्या जागी उभे होते. काहीतरी बोलायला हवं, एवढंच त्यांना कळत होतं.

तेवढ्यात दारात शरणम्मा उभी राहिली. शाळेची खिचडी ती शिजवायची, आणि रोज पहिल्या तासाला वर्गावर्गांतून डोकी विचारत फिरायची. सचिव बसलेत की मंत्री, तांदूळ टाकायची वेळ तिला पाळायची होती.

“सहावी किती, सर?”

“तीन कमी चाळीस,” सर म्हणाले. रोज म्हणत तसंच, मान न वळवता.

शरणम्मा निघाली. सर तसेच उभे राहिले. मग एकदम दाराकडं वळले.

“शरणम्मा, थांबा. किती ताटं मांडणार?”

तिला वाटलं सर चेष्टा करताहेत. “सदतीस की, सर.”

“मी काय म्हणालो?”

“तीन कमी चाळीस म्हणला.”

“मग तिनातनं चाळीस वजा का नाही केले?”

शरणम्मानं वर्गाकडं बघितलं, पाहुण्यांकडं बघितलं आणि पदर सावरला. “तिनातनं चाळीस कसं जातील, सर? जेवायला पोरं येत्यात का पळून जात्यात?” एवढं बोलून ती सातवीकडं गेली. तिची चूल पेटलेली होती.

सरांनी डस्टर उचललं. फळ्यावरचं जे काही होतं ते सगळ्यांसमोर पुसलं, आणि मधोमध मराठीत लिहिलं, ‘तीन कमी चाळीस’. त्याच्या खाली, शब्दाखाली शब्द येईल असं, ‘थ्री लेस दॅन फॉर्टी’ इंग्रजीत लिहिलं. तीनखाली थ्री आलं, कमीखाली लेस, चाळीसखाली फॉर्टी. ‘दॅन’च्या डोक्यावर मात्र काही नव्हतं.

“इथं आपण ‘पेक्षा’ गिळतो,” ते म्हणाले. “इंग्रजी गिळत नाही, बोलून दाखवतं. बाकी क्रम तोच. तीन आधी बोललो म्हणून तिनातनं कुणी काढत नाही. तीन हे काय काढायचं ते आहे. कशातनं काढायचं, ते मागं आहे.” त्यांनी खाली 40 − 3 लिहिलं. मग 40 पुसून तिथं x लिहिला, 3 पुसून 7. “आता सेव्हन लेस दॅन एक्स.”

मग ते थांबले. पुढचं वाक्य खिशातून काढून फाडून टाकणं शक्य नव्हतं.

“मंगळवारी मी तपासलेली चार उत्तरं चूक होती,” सर म्हणाले. “पोरांची चूक नाही. उत्तरसूची मी केली होती आणि ती चूक होती. शुक्रवारी मी उलटं करा म्हणून सांगितलं, तोही नियम अर्धाच आहे. सृष्टीचं बरोबर होतं. दहापैकी दहा.”

मागच्या बाकावर हिरेमठ सरांचं पेन थांबलं. अण्णांनी काठीवरचा उजवा हात काढून डावा वर ठेवला. सृष्टी खाली बघत होती, पण तिच्या शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं तेव्हा ती जागची हलली नाही, म्हणजे ऐकत होती.

आता मागं जायला वाट उरली नव्हती, म्हणून सर पुढं गेले. इंग्रजीत कमी दिसलं की हात चालवायचा नाही, म्हणाले. आधी विचारायचं, कोणापेक्षा कमी? ज्याच्यापेक्षा कमी, तो आधी लिहायचा. मग आकडा घालून बघायचा. अनूकडं उणे पेन्सिली आल्या तर पेन खाली ठेवायचं. ‘एट इज लेस दॅन वाय’ मध्ये ‘इज’ आहे. तिथं आठ लहान आहे एवढंच सांगितलंय, किती लहान ते सांगितलंच नाही. असलं उत्तर दिलं तर शरणम्मा किती ताटं मांडेल? वैष्णवी म्हणाली, मांडणारच नाही, आधी नीट सांगा म्हणेल. सर म्हणाले, तेच. म्हणून तिथं वजाबाकी नाही, फक्त लहान-मोठ्याचं चिन्ह. आणि ‘ट्वेल्व्ह लेस वाय’ मध्ये दॅन नाही, तिथं बारातनंच वाय काढायचा, वाचलं तसं.

शेवटची पंधरा मिनिटं त्यांनी पाच नवी गणितं घातली. उत्तरं त्यांनी आधी काढलेली नव्हती. पोरं सोडवत होती तोवर तेही हाताच्या आडोशानं, फळ्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात सोडवत होते, दहा घालून बघत होते. मग बाकाबाकांतून फिरून तपासलं. सदतिसातल्या दोघांची चुकली. बाकी सगळ्यांची पाचही बरोबर.

अण्णा उठले. सरांना वाटलं, आता काहीतरी बोलतील. अण्णांनी विचारलं, खिचडीत शेंगदाणे घालतात का? घालतात, सर म्हणाले. अण्णा समाधानानं स्वयंपाकाच्या खोलीकडं गेले. सोमवारपर्यंत त्यांना शेंगदाण्यांखेरीज काही आठवणार नव्हतं, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. बैठकीत वाचला जाई तो मुख्याध्यापकांचा शेरा.

शाळा सुटल्यावर केबिनमध्ये हिरेमठ सर शेरा लिहीत बसले होते, इंग्रजीत. समोर कुंडलिक सर उभे. बसा म्हणाले नव्हते, चहाही आला नव्हता.

“पत्र गेलंय संस्थेला,” हिरेमठ सर वर न बघता म्हणाले. “माझ्या सहीनं. तेहतीस पोरं म्हणून.”

सर म्हणाले, हो.

“मला आधी सांगता आलं असतं.”

सर पुन्हा हो म्हणाले. भिंतीवरचं घड्याळ पावणेबारा दाखवत होतं. आईला बसवायची वेळ होऊन गेली होती.

“तरी तास चांगला झाला,” हिरेमठ सर जरा वेळानं म्हणाले, चुकून कबूल केल्यासारखं. “तसंच लिहिलंय. दोघंच कमी पडले, सदतिसात. वाचा आणि सही करा.” आणि वही फिरवली.

सरांनी वाचलं. अक्षर सुरेख होतं. पाठाची मांडणी स्पष्ट, भाषा समाधानकारक, स्वतःची चूक स्वतः दुरुस्त केली, असं सगळं होतं. शेवटच्या ओळीत, ज्यांना गणितं आली नाहीत अशा विद्यार्थ्यांची संख्या, असं लिहून पुढं हिरेमठ सरांनी अभिमानानं, आजच्याच पाठाला शोभेलशा इंग्रजीत लिहिलं होतं, ‘टू लेस दॅन थर्टी-सेव्हन’.

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग मनातल्या मनात दहा नाही, सदतीस घातले. सदतीस वजा दोन. पस्तीस पोरांना आलं नाही. सोमवारी हे वाचलं जाणार, आणि मंगळवारी सहाची एसटी.

हिरेमठ सरांच्या इंग्रजीतली चूक आजवर कुणी दाखवली नव्हती. एका शिपायानं एकदा दाखवली होती, पण तो त्याच वर्षी निवृत्त होणार होता. सरांनी पेनाचं टोपण काढलं, परत घातलं.

“सर,” ते म्हणाले, “कोणापेक्षा कमी?”

“काय?”

“ओळ वाचतोय. न आलेली पोरं. कोणापेक्षा किती कमी?”

हिरेमठ सरांनी वही आपल्याकडं ओढली. ओठ हलले, एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत, आणि मग, सरांनी नीट बघितलं, एकदा कन्नडमध्ये. त्यांचे कान हळूहळू लाल झाले. बाहेर शरणम्मा पातेली घासत होती.

मग हिरेमठ सरांनी त्या ओळीतला ‘नॉट’ एका रेघेनं खोडला, म्हणजे संख्या गणितं आलेल्यांची झाली, आणि खोडल्याजागी बारीक सही केली. ‘टू लेस दॅन थर्टी-सेव्हन’ तसंच राहिलं. ते वाक्य आता खरं होतं.

“हे बाहेर बोलायचं काही कारण नाही, वाघमोडे,” ते म्हणाले.

“नाही, सर,” कुंडलिक सर म्हणाले. “माझं तेवढं वर्गात बोलून झालंय.”

त्यांनी सही केली. जाताना सूचनाफलकाच्या टाचण्या काढून मंगळवारचा निकाल घडी घालून खिशात टाकला. या खेपेला फाडला नाही. सृष्टीच्या पत्रिकेवरचं ‘लक्ष द्या’ खोडून दहा लिहायचं राहिलं होतं, ते त्यांनी फाटकाशी, पिशवी गुडघ्यावर टेकवून लिहिलं.

घरी बायको वाट बघून थकली होती. दोघांनी आईला धरून बसवलं. मथुराबाईनं भिंतीला टेकून आधी दम घेतला, मग विचारलं, “किती हायत रं आज?”

सरांनी भाकरी मोडली. उत्तर द्यायला त्यांना अंमळ वेळ लागला, इतका की बायकोनं वळून बघितलं.

“सदतीस,” ते म्हणाले.

“म्हंजे तीन कमी चाळीस,” आई म्हणाली आणि तोंड उघडलं.